1024 आला कुठून? लिमिटमध्ये लपलेलं डेरिव्हेटिव्ह ओळखायची रीत

पीयूच्या पहिल्या वर्षाला लिमिटचा धडा सुरू झाला की थोड्याच दिवसांत अशा जातीचं गणित वहीत येतं:

```
lim (h→0)  [ (2+h)^10 − 1024 ] / h
```

खानापूर, निपाणी, येळ्ळूर भागातून माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. अंश, छेद, विस्तार हे शब्द त्यांच्या अंगवळणी पडलेले असतात आणि पीयूला सगळं इंग्रजीत सुरू होतं. अशी मुलं हे गणित पाहिलं की हमखास एकच करतात, कंस सोडवायला बसतात. गेल्या महिन्यात एका मुलीनं पूर्ण पानभर विस्तार लिहून आणला. उत्तर बरोबर होतं. मी तिला म्हटलं, "आता तू लिहिलेली पदं मोज, आणि त्यातली कामाला आली किती ते सांग."

तिनं मोजली. विस्तारात अकरा पदं होती. पहिलं 1024, ते समोरच्या 1024 बरोबर गेलं. दुसरं 5120h, त्यातला h छेदातल्या h बरोबर गेला आणि 5120 उरले. बाकीची नऊ पदं भागाकारानंतरही h धरून राहिली आणि h शून्याकडे गेल्यावर शून्य झाली. म्हणजे तिनं नऊ पदं केवळ पुसण्यासाठी लिहिली होती.

"सर, मग ती लिहायचीच नाहीत तर 5120 मिळणार कुठनं?" तिनं विचारलं. हा लेख म्हणजे तिच्या या प्रश्नाचं उत्तर आहे. बीजगणिताची एक ओळही न लिहिता ते 5120 मिळतात. त्यासाठी आधी तो 1024 कुठून आला हे पाहायचं.

आधी गोकाकला जाऊ

सूत्राच्या आधी चित्र डोळ्यांसमोर असावं. गोकाकचा धबधबा साधारण 52 मीटर उंच आहे. त्याच्या कड्यावरून एक खडा निखळून खाली पडतोय असं समजा. हवेचा अडथळा सोडून दिला तर t सेकंदांत तो 4.9t² मीटर खाली येतो. तीन सेकंदांनी तो 4.9 × 9 = 44.1 मीटर खाली असेल, म्हणजे अजून पाण्यापर्यंत पोचलेला नसेल. नेमक्या त्या तिसऱ्या सेकंदाला त्याचा वेग किती?

वेग काढायचा तर अंतर भागिले वेळ. पण एकाच क्षणी अंतरही शून्य आणि वेळही शून्य. म्हणून थोडा वेळ पुढं जायचं. 3.1 सेकंदाला खडा 47.089 मीटरवर असतो. मधलं अंतर 2.989 मीटर आणि वेळ 0.1 सेकंद, म्हणून सरासरी वेग 29.89. 3.01 सेकंदापर्यंतच गेलं तर सरासरी 29.449 येते. मधला वेळ h जसजसा आखडता घेऊ तसतसा हा आकडा 29.4 ला चिकटत जातो. हे सगळं एका ओळीत लिहिलं तर असं दिसतं:

```
lim (h→0)  [ 4.9(3+h)² − 44.1 ] / h
```

आता हे आणि वरचं 1024 चं गणित शेजारी ठेवून बघा. घडण तीच आहे. फरक इतकाच की इथं 44.1 कुठून आला हे आपल्याला ठाऊक आहे: तिसऱ्या सेकंदाला खडा जिथं होता ती जागा. 4.9t² मध्ये t च्या जागी 3 घातलं की 44.1 मिळतात. आणि 4.9t² चं डेरिव्हेटिव्ह 9.8t. त्यात 3 घातलं की 29.4. वेग मिळाला, कंस सोडवावा लागला नाही.

पुस्तकातली व्याख्या हेच सांगते:

```
f′(a) = lim (h→0)  [ f(a+h) − f(a) ] / h
```

वर्गात ही व्याख्या डावीकडून उजवीकडे शिकवली जाते: फंक्शन दिलंय, डेरिव्हेटिव्ह काढा. आपल्याला ती उजवीकडून डावीकडे वाचायची आहे. लिमिट समोर आहे, त्यातून फंक्शन कोणतं आणि बिंदू कोणता हे ओळखायचं. अडचण एवढीच की व्याख्येत `f(a)` अक्षरांत लिहिलेलं असतं आणि गणितात त्याच्या जागी त्याची किंमत, एक उघडा आकडा, बसवलेला असतो. 1024 वर कुठंही "मी f(2) आहे" असं लिहिलेलं नसतं.

पायऱ्या

पहिल्यांदा छेदाकडे बघा. तिथं नुसता `h` (आणि h→0) असेल किंवा `x − a` (आणि x→a) असेल तर पुढं जायला हरकत नाही. दोन्ही रूपं एकच आहेत. `x = a + h` मानलं की दुसऱ्याचं पहिलं होतं.

मग अंशात जो भाग बदलतोय तो धरा. आपल्या गणितात तो `(2+h)^10`. जिथं `2+h` आहे तिथं नुसता `x` लिहा, `x^10` मिळालं. हे आपलं फंक्शन, आणि बिंदू `a = 2`.

तिसरी पायरी मुलं गाळतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोलाची आहे. अंशात जो आकडा वजा होतोय तो खरोखर `f(a)` आहे का हे तपासा. `2^10 = 1024`. जुळलं. हा ताळा जुळला नाही तर पुढचं काहीही करायचं नाही. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

शेवटी f चं डेरिव्हेटिव्ह घ्या आणि त्यात a घाला. `x^10` चं `10x^9`, त्यात 2 घातलं की `10 × 512 = 5120`. त्या मुलीनं पान भरून जे मिळवलं तेच.

मन खात्री मागत असेल तर कॅल्क्युलेटर घ्या आणि h ला 0.001 धरा. उत्तर सुमारे 5131.5 येतं. h ला 0.0001 धरलं तर सुमारे 5121.2. आकडा 5120 कडे सरकतोय हे दिसतं. घरी सराव करताना हा ताळा जरूर करा, निदान पहिली पाच-सहा गणितं. सीईटीच्या गणिताच्या पेपरला 80 मिनिटांत 60 प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला 1 मिनिट 20 सेकंद. तिथं अकरा पदांचा विस्तारही परवडत नाही आणि ताळ्यालाही वेळ नसतो. ओळखण्याची सवय आधीच लागलेली असावी लागते.

आता जरा वेगळं दिसणारं एक घेऊ:

```
lim (h→0)  [ ∛(27+h) − 3 ] / h
```

बीजगणितानं करायचं तर `a³ − b³` चं सूत्र उलटं वापरून अंश-छेदाला तीन पदांच्या कंसानं गुणावं लागतं, आणि तिथंच चिन्हं चुकतात. आपल्या रीतीनं: बदलणारा भाग `∛(27+h)`, म्हणून फंक्शन `∛x`, बिंदू 27. ताळा: 27 चं घनमूळ 3, जुळलं. `x^(1/3)` चं डेरिव्हेटिव्ह `1/(3·x^(2/3))`. 27 चा 2/3 घात म्हणजे 3 चा वर्ग, 9. उत्तर `1/27`. इथं घातांक नीट सांभाळणं एवढंच काम उरतं.

वजा होणारा आकडाच दिसत नसेल तर

```
lim (h→0)  cos(π/2 + h) / h
```

यात वजाबाकीच नाही, म्हणून हे डेरिव्हेटिव्ह नव्हे असं म्हणून मुलं सोडून देतात. पण बिंदू `π/2` आहे, आणि `cos(π/2)` शून्य असतो. कुणी "वजा शून्य" लिहीत नाही, इतकंच. आपण ते मनात लिहायचं. फंक्शन `cos x`, डेरिव्हेटिव्ह `−sin x`, `π/2` ला त्याची किंमत −1. उत्तर −1.

`lim (x→1) ln x / (x − 1)` हेही त्याच घरातलं आहे. `ln 1` शून्य, तो वजा झालेला दिसत नाही. `ln x` चं डेरिव्हेटिव्ह `1/x`, 1 ला किंमत 1. अंशात एकच पद दिसलं की "यातून शून्य वजा झालंय का?" असा प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावा.

"सर, माझं फंक्शन वेगळं आलं"

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो चांगला प्रश्न आहे. एकानं `(2+h)^10` बघून `x^10` आणि बिंदू 2 घेतला. दुसऱ्यानं `(2+x)^10` हेच फंक्शन मानलं आणि बिंदू 0 घेतला. बरोबर कोण?

दोघेही. दुसऱ्याचं डेरिव्हेटिव्ह `10(2+x)^9`, त्यात 0 घातलं की पुन्हा 5120. आलेख दोन घरं डावीकडे सरकवला तरी चढ तोच राहतो. चोर्ला घाटाच्या नकाशावर मैलाचे आकडे बेळगावपासून मोजले काय नि गोव्याकडून सुरू करून मोजले काय, रस्त्याच्या एखाद्या ठिकाणचा तीव्रपणा तोच असतो. (दिशा उलटली तर चढाचा उतार होतो आणि चिन्ह बदलतं, ते वेगळं.) फक्त निवडलेलं फंक्शन आणि निवडलेला बिंदू ही जोडी शेवटपर्यंत धरून ठेवा. एकाचं फंक्शन आणि दुसऱ्याचा बिंदू घेतला की `10 × 4^9` किंवा शून्य असली उत्तरं येतात. उत्तर असं अवाच्या सवा आलं तर जोडी फुटलीय का ते आधी तपासा.

h च्या मागे आकडा असेल तर

```
lim (h→0)  [ (2+3h)^10 − 1024 ] / h
```

इथं घाईनं 5120 लिहून मोकळी होणारी मुलं पुष्कळ. व्याख्येत वर जेवढं पाऊल पुढं टाकलं असतं तेवढंच खाली असतं. इथं वर `3h` पाऊल आहे आणि खाली `h`. खाली `3h` असता तर उत्तर 5120 झालं असतं. छेद तिपटीनं लहान आहे, म्हणून उत्तर तिपटीनं मोठं: 15360. याउलट वर `h` आणि खाली `5h` असेल तर उत्तर पाचनं भागायचं. अंशात क्रम उलटा असेल, म्हणजे `1024 − (2+h)^10` असेल, तर उत्तराला वजा चिन्ह. हे पाठ करायला नको. "वरचं पाऊल केवढं, खालचं केवढं" एवढं विचारलं की सुटतं.

ताळा जुळत नाही तेव्हा

```
lim (h→0)  [ (3+h)² − 8 ] / h
```

फंक्शन `x²`, बिंदू 3, डेरिव्हेटिव्ह `2x`, उत्तर 6? नाही. 3 चा वर्ग 9, आणि वजा होतायत 8. h शून्याकडे जाताना अंश 1 कडे जातो, छेद शून्याकडे. उजवीकडून आलं तर भागाकार वाढत वाढत हाताबाहेर जातो, डावीकडून आलं तर ऋण बाजूला तसाच. हे लिमिट अस्तित्वातच नाही. पेपर काढणारे हा सापळा मुद्दाम लावतात आणि पर्यायांत 6 ठेवतात. तिसरी पायरी मोलाची म्हटलं ते याचसाठी.

दुसरा अडथळा थोडा सूक्ष्म आहे. `lim (x→2) |x − 2| / (x − 2)` घ्या. फंक्शन `|x − 2|`, बिंदू 2, तिथं किंमत 0, ताळा जुळला. पण 2 ला या आलेखाला टोक आहे. उजवीकडून चढ 1, डावीकडून −1. तिथं डेरिव्हेटिव्हच नाही, म्हणून लिमिटही नाही. ताळा जुळला तरी फंक्शनला त्या बिंदूवर कोपरा नाही ना, हे बघावं लागतं. अंशात निरपेक्ष मूल्याची उभी रेघ दिसली की सावध व्हा.

फंक्शन दिलेलंच नसेल तर

माझ्या आवडीचा प्रकार हा आहे, आणि या रीतीची खरी ताकद इथं दिसते. समजा फंक्शनबद्दल एवढंच सांगितलंय: `f(3) = 5`, `f′(3) = 2`. विचारलंय:

```
lim (x→3)  [ x·f(3) − 3·f(x) ] / (x − 3)
```

इथं कंस सोडवणार कशाचा? f काय आहे हेच माहीत नाही. पुष्कळ ठिकाणी अंशात `3·f(3)` मिळवून आणि वजा करून हे सोडवायला शिकवतात. ती युक्ती ऐन वेळी सुचेलच असं नाही. त्याऐवजी सगळा अंशच एक नवं फंक्शन माना: `g(x) = x·f(3) − 3·f(x)`. ताळा: `g(3) = 3·5 − 3·5 = 0`. न दिसणारं शून्य पुन्हा भेटलं. म्हणजे हे लिमिट `g′(3)`. `f(3)` हा साधा आकडा 5 आहे, म्हणून `g′(x) = 5 − 3·f′(x)`, आणि 3 ला `5 − 6 = −1`. झालं.

शिकवण्यांतून बारावीकडे पोचलेली मुलं इथं लगेच म्हणतात, "सर, हे खरं लोपिताल लावूनपण येतंय की." येतं, उत्तर तेच येतं. पण 1696 साली लोपितालच्या पुस्तकात छापला गेलेला, अंश आणि छेद यांचं वेगवेगळं डेरिव्हेटिव्ह घ्यायला लावणारा तो नियम, जो मुळात योहान बर्नुलीनं काढला होता, जास्त मागतो. बिंदूच्या आजूबाजूलाही डेरिव्हेटिव्ह असावं लागतं, आणि शेवटी किंमत घालायची तर `f′` तिथं सलग असावं लागतं. आपल्याला फक्त 3 या एका बिंदूवरचं `f′` दिलंय. शेजारच्या बिंदूंबद्दल एक अक्षर नाही. व्याख्येची रीत मात्र तेवढ्या एका बिंदूवरच उभी राहते, म्हणून दिलेल्या माहितीत पूर्ण बसते.

ही रीत कुठं लावू नये

`lim (h→0) sin h / h` बघा. फंक्शन `sin x`, बिंदू 0, डेरिव्हेटिव्ह `cos x`, 0 ला 1. उत्तर बरोबर. पण `sin x` चं डेरिव्हेटिव्ह `cos x` आहे हे सिद्ध करताना हेच लिमिट वापरलेलं असतं. म्हणून "सिद्ध करा" असा प्रश्न असेल तर ही रीत म्हणजे आपलीच सावली पकडून उभं राहणं. तिथं वर्तुळातल्या त्रिकोणांची क्षेत्रफळं घेऊन पुस्तकातली सिद्धताच लिहायची. "पहिल्या तत्त्वावरून डेरिव्हेटिव्ह काढा" या प्रश्नालाही तसंच. तिथं लिमिट बीजगणितानं सोडवणं हेच काम दिलेलं असतं. लेखी परीक्षेत प्रश्नाची भाषा आधी वाचा. पर्याय निवडायचे असतील तर रीत बिनधास्त वापरा.

सरावाला चार देतो. आधी स्वतः करा, प्रत्येकात फंक्शन, बिंदू आणि ताळा वहीत लिहून, मगच खाली बघा.

```
1)  lim (x→e)  [ ln x − 1 ] / (x − e)
2)  lim (h→0)  [ √(49+h) − 7 ] / h
3)  lim (h→0)  [ cos(π/3 + 2h) − 1/2 ] / h
4)  lim (h→0)  [ (1+h)^7 − 2 ] / h
```

पहिल्याचं उत्तर `1/e`, दुसऱ्याचं `1/14`. तिसऱ्यात वरचं पाऊल खालच्याच्या दुप्पट आहे, म्हणून `2 × (−√3/2)`, म्हणजे `−√3`. चौथ्याचं उत्तर 7 आलं असेल तर 1 चा सातवा घात किती ते पुन्हा बघा. तो 1 आहे, 2 नाही, आणि ते लिमिट अस्तित्वात नाही.